शिक्का गोल, शिरोरेषा सरळ

नवी मुंबईतल्या जुन्या घरांच्या फाइलींची घडण वेगळी असते. सिडकोची स्थापना 1970 सालची. इथली बहुतेक जमीन तिच्या मालकीची आणि घरं भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभी, त्यामुळे घर एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की फाइलीत कागदांची भर पडत जाते. तळाशी सिडकोचं वाटपपत्र आणि ताबापत्र, त्यावर हप्ते भरल्याच्या पावत्या, मग मूळ मालकाकडून घेतल्याचा करारनामा, सिडकोचं हस्तांतरणाचं पत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. सगळ्यांचे आकार वेगळे, कागद वेगळे, वयं वेगळी. वाशीतल्या जुन्या इमारतींचे पुनर्विकास सुरू झाले, आईवडिलांच्या नावावरची घरं मुलांच्या नावे होऊ लागली, आणि ही फाइल वकील, बँक, सोसायटी आणि परगावी असलेल्या भावंडांकडे पीडीएफ होऊन जाऊ लागली.

त्या पीडीएफमध्ये बहुतेक वेळा काय दिसतं? पान पिवळट, एका कोपऱ्यात अंगठा, मधोमध फोनची सावली, उजव्या कडेचा शिक्का अर्धा कापलेला. मग ‘अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा’ असा निरोप येतो. यात फोनचा दोष क्वचितच असतो. साध्या 12 मेगापिक्सेल कॅमेऱ्याला हे काम पुरेसं जमतं. बिघडतं ते बटण दाबायच्या आधी: कागद कशावर ठेवला आणि उजेड कुठून आला, या दोन गोष्टींत. म्हणून या लेखात सर्वात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

फोनला कागद कसा दिसतो

स्कॅनचं अ‍ॅप आधी कागदाच्या कडा शोधतं. चित्रात कुठे उजेड एकदम बदलतो, कुठे गडद ठिपक्यांना लागून फिकट ठिपके येतात, हे ते तपासतं. 1986 मध्ये जॉन कॅनी यांनी कडा शोधण्याची जी पद्धत मांडली, तिचा पाया हाच. आजची अ‍ॅप कागदांच्या असंख्य फोटोंवरून शिकवलेली असल्यामुळे जास्त हुशार आहेत, पण त्यांनाही कागद आणि खालचा पृष्ठभाग यांत फरक दिसावाच लागतो. कडांच्या चार रेषा सापडल्या की त्या जिथे एकमेकींना छेदतात ते चार कोपरे ठरतात, आणि त्या तिरप्या चौकोनाला ताणून अ‍ॅप सरळ आयत बनवतं.

आता आपल्या घरातल्या जागा या नजरेने पाहा. जमिनीवर पांढऱ्या किंवा फिक्या व्हिट्रिफाइड फरशा असतात. पांढऱ्यावर पांढरा कागद ठेवला की कड हरवते आणि अ‍ॅप दोन फरश्यांमधल्या सांध्यालाच कागदाची कड समजतं. स्वयंपाकघरातला काळा ग्रॅनाइटचा ओटा रंगाने योग्य, पण तो चकचकीत असतो. वरच्या ट्यूबची पांढरी रेघ त्यात उमटते आणि कड तिथे तुटते. पलंगावर फुलाफुलांची चादर असते, शिवाय गादी दबते आणि कागद मधोमध खोलगट होतो.

चांगली जागा म्हणजे टणक, सपाट, गडद, एकरंगी आणि चमक नसलेली. स्टेशनरीच्या दुकानात काळा किंवा गडद निळा कार्डशीट मिळतो. तो टेबलावर चिकटपट्टीने बसवला की काम झालं. कागदाच्या चारही बाजूंना तीन-चार बोटं गडद जागा उरेल एवढा तो मोठा हवा. कार्डशीट नसेल तर टेबलावर गडद, बिनचमकीचा जाड कपडा सुरकुती न ठेवता ताणून पसरा.

जुन्या फाइलीत एक अडचण हमखास येते. सत्तरच्या-ऐंशीच्या दशकातली टंकलिखित पत्रं पातळ कागदावर असत, आणि आपल्याकडे आलेली प्रत अनेकदा कार्बनची असते. असा कागद काळ्यावर ठेवला की तो खालचा काळेपणा शोषल्यासारखा राखाडी दिसतो आणि फिकी अक्षरं आणखी बुडतात. त्यावर उपाय असा: त्या कागदाखाली एक कोरा पांढरा कागद ठेवा, पण चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर कापून लहान केलेला. अक्षरांच्या मागे पांढरं येतं आणि कडेला मात्र काळंच राहतं. मजकूर दोन्ही बाजूंनी असेल आणि मागची अक्षरं पुढे उमटत असतील तर उलट करा. पांढरा कागद काढून घ्या. मागे काळं असलं की पाठीमागचा मजकूर बराच दबतो.

घड्या, टाचण्या आणि दोरा

चार कोपऱ्यांवरून चौकोन सरळ करण्याची युक्ती फक्त सपाट कागदाला लागू पडते. घडी उंचावली असेल, कोपरा वर आला असेल किंवा पावसाळ्याच्या दमट हवेने कागद लाटांसारखा झाला असेल, तर ते वाकणं पीडीएफमध्ये जसंच्या तसं राहतं. म्हणून कागद आदल्या रात्री दोन स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तकं रचा. इस्त्री फिरवू नका. लेझर प्रिंटची आणि झेरॉक्सची शाई उष्णतेने वितळून चिकटते, आणि एटीएमच्या चिठ्ठीसारखा उष्णतेवर छापणारा कागद असेल तर तो काळा पडतो. वरून काच ठेवून दाबण्याचा मोहही टाळा, कारण काचेत प्रकाशाचे ठिपके उमटतात.

स्टेपलच्या पिना हलक्या हाताने काढता येतात, पण नोंदणी झालेला दस्त सुटा करू नका. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून आलेला करारनामा शिवलेला किंवा दोऱ्याने बांधलेला असतो, आणि तो तसाच राहण्याला अर्थ आहे. अशा दस्ताचं एक पान उघडून उलटलेल्या गठ्ठ्याखाली एक वही ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू साधारण एका पातळीत येतात. शिवणीकडचा भाग तरीही थोडा वळतो. तिथल्या ओळींची सुरुवात वाचता आली म्हणजे पुरे. ती सरळ करण्यासाठी दस्ताची पाठ मोडू नये.

उजेड

सर्वात मोठी गडबड इथेच होते, आणि ती टाळायला पैसे लागत नाहीत.

रात्री जेवणं झाली की टेबलावर छताच्या दिव्याखाली कागद ठेवायचा आणि वरून फोन धरायचा, ही आपली सवय. दिवा वर, फोन मध्ये, कागद खाली. म्हणजे फोनची आणि हाताची सावली कागदाच्या मधोमध पडणारच. मग सावली घालवायला आपण फ्लॅश लावतो. फ्लॅशने मध्यभाग पांढराफटक होतो, कडा अंधारतात, आणि नेमका मधला शिक्का उडून जातो. अ‍ॅप सावली पुसायचा प्रयत्न करतं, पण सावलीत फिकं झालेलं अक्षर त्याला परत आणता येत नाही. फ्लॅश बंदच ठेवा.

कागद टिपायला दिवसाचा, खिडकीतून बाजूने येणारा उजेड उत्तम. बाजूने म्हणजे खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला हवी. पाठीमागे असेल तर तुमचीच सावली पडेल. थेट ऊन मात्र नको. नवी मुंबईतल्या फ्लॅटना बहुधा बॉक्स ग्रिल असतं, वर कबुतरांसाठी जाळी. थेट उन्हात त्या ग्रिलचे पट्टे आणि जाळीची नक्षी कागदावर उतरते, आणि अ‍ॅप त्या पट्ट्यांनाही कडा समजू शकतं. म्हणून पूर्वेच्या खिडकीपाशी दुपारनंतर बसा, पश्चिमेच्या खिडकीपाशी सकाळी. उत्तरेची खिडकी असेल तर फारसा विचार करावा लागत नाही. पावसाळ्यातलं ढगाळ आकाश या कामाला फार चांगलं. सगळ्या आभाळातून सारखा, मऊ उजेड येतो आणि सावलीला धारदार कड राहत नाही. फक्त मोठी सर येऊन अंधारलं की थांबा. कमी उजेडात फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि हाताची थरथर अक्षरांत उतरते.

खिडकीच्या अगदी लगत बसणंही बरोबर नाही. तिथे कागदाची खिडकीकडची कड आणि आतली कड यांच्यावरच्या उजेडात मोठा फरक असतो. चार-पाच फूट मागे सरका, फरक कमी होतो. तरीही आतली बाजू अंधारी वाटली तर त्या बाजूला एक पांढरा कार्डशीट कागदाकडे तोंड करून उभा ठेवा. खिडकीचा उजेड त्यावरून परतून अंधाऱ्या बाजूवर पडतो आणि फरक डोळ्यांना लगेच जाणवतो.

खिडकीचा उजेड घेताना खोलीतले दिवे बंद करा. एका बाजूने आभाळाचा निळसर आणि दुसऱ्या बाजूने दिव्याचा पिवळसर उजेड आला की कागदाची एक बाजू निळी आणि एक पिवळी येते. रंग दुरुस्त करणाऱ्या सोयीला दोन्ही एकाच वेळी सुधारता येत नाहीत.

रात्रीच काम करावं लागलं तर? एकच दिवा पुरत नाही. टेबललॅम्प असतील तर दोन घ्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, कागदापासून सारख्या अंतरावर, साधारण 45 अंशांच्या कोनात झुकवून. एकाची सावली दुसरा भरून काढतो. दोन्हींत एकाच रंगाचे बल्ब हवेत. दिवा लावल्यावर फोनच्या पडद्यावर आडवे काळसर पट्टे सरकताना दिसतात का, तेही पाहा. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. फोनचा कॅमेरा मात्र चित्र ओळीओळीने टिपतो, म्हणून त्याला पट्टे दिसतात आणि तेच स्कॅनमध्ये राहतात. पट्टे दिसले तर तो दिवा सोडून द्या किंवा सकाळपर्यंत थांबा.

लॅमिनेट केलेला कागद वेगळ्याच कारणाने छळतो. चकचकीत प्लास्टिक आरशासारखं वागतं आणि कॅमेऱ्याला त्यात छत, पंखा, फोन आणि तुमचा शर्ट दिसतो. म्हणून वरचे दिवे बंद करा, उजेड फक्त बाजूने आणि खालच्या कोनातून येऊ द्या, आणि शक्य तर गडद रंगाचा शर्ट घाला. पडद्यावर चमक दिसली तर फोन हलवण्याआधी कागद थोडा फिरवून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच चमक कागदाबाहेर जाते. जुनं लॅमिनेशन उचकटून काढू नका, त्यासोबत शाई निघून येते.

टिपताना

आधी कॅमेऱ्याची काच मऊ सुती कापडाने पुसा. बोटांचा तेलकट थर असला की पानावर धूसरपणा येतो आणि आपण उगीच उजेडाला दोष देतो.

फोन कागदाच्या बरोबर मधोमध, साधारण एक फूट उंचीवर, कागदाशी समांतर धरा. या अंतरावर ए-फोर कागद चौकटीचा बराचसा भाग व्यापतो आणि 12 मेगापिक्सेल कॅमेऱ्यात दर इंचाला सुमारे 250 ठिपके मिळतात. छापील मजकुराला तेवढे पुष्कळ झाले. कागद चौकटीत काठोकाठ भरावा म्हणून आणखी खाली जाऊ नका. फार जवळ गेलं की काही फोन आपोआप रुंद भिंगावर जातात आणि कागदाच्या कडा बाहेरच्या बाजूला फुगतात. पडद्यावरचं चित्र एकदम उडी मारून बदललं, तर भिंग बदललं आहे असं समजा आणि थोडं वर या.

समांतर धरणं का महत्त्वाचं? तिरका फोटो अ‍ॅप सरळ करतं, हे खरं. पण फोन तिरका असला की कागदाची दूरची बाजू चित्रात लहान येते, तिच्या वाट्याला ठिपके कमी येतात. अ‍ॅप ती बाजू ताणून रुंद करतं, पण मुळात न टिपलेला तपशील त्याला निर्माण करता येत नाही. म्हणून काही स्कॅनमध्ये खालचा भाग सुरेख आणि वरच्या ओळी पुसट असतात. वरचा भाग तुमच्यापासून दूर होता, एवढंच त्याचं कारण.

बहुतेक अ‍ॅप कागद सापडला की स्वतःच फोटो घेतात. सपाट, नव्या कागदांना ते ठीक. जुन्या फाइलीसाठी ही सोय बंद करा. आयफोनच्या `Notes` मध्ये `Scan Documents` उघडल्यावर वर `Auto` दिसतं, त्यावर बोट ठेवलं की `Manual` होतं. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमधल्या स्कॅनलाही असंच स्वतः बटण दाबता येतं. मग मजकुरावर एकदा बोट टेकवून फोकस बसू द्या, कोपर टेबलाला टेकवा, श्वास क्षणभर रोखा आणि बटण दाबा. पानं खूप असतील तर फोनच खाली-वर न होता टेकून राहील असा पुस्तकांचा टेकू दोन्ही बाजूंना रचा. एकदा तो जमला की पानं फक्त सरकवायची.

कोपरे स्वतः तपासा

अ‍ॅपने आखलेला चौकोन लगेच मान्य करू नका. शेअर सर्टिफिकेट घ्या. त्यावर बहुतेक वेळा नक्षीदार छापील चौकट असते. ती चौकट कागदाच्या कडेपेक्षा ठळक दिसते, म्हणून अ‍ॅप तिलाच कागद समजतं आणि बाहेरचा भाग कापून टाकतं. चौकटीबाहेर कोपऱ्यात क्रमांक किंवा शिक्का असेल तर तो गेलाच. नोंदणीकृत दस्ताचंही तसंच. त्याच्या प्रत्येक पानावर एक शिक्का असतो: नोंदणी कार्यालयाची खूण, दस्त क्रमांक, वर्ष, आणि एकूण पानांपैकी हे कितवं. तो कागदाच्या कडेला मारलेला असतो, आणि तो कापला गेला की पान कोणत्या दस्तातलं हेच सिद्ध होत नाही.

म्हणून कोपऱ्याचा ठिपका बोटाने ओढून कागदाच्या खऱ्या कोपऱ्यावर न्या. ओढताना त्या जागेचा भाग मोठा होऊन दिसतो, तो बघून नेमका बसवा. कोपरा फाटलेला असेल तर जिथे तो असायला हवा होता तिथे, म्हणजे दोन्ही कडा पुढे वाढवल्यास जिथे भेटतील तिथे ठिपका ठेवा. फाटक्या टोकावर ठेवलात तर सगळं पान वाकडं होतं. कडेला दोन-तीन मिलिमीटर काळा कार्डशीट दिसला तरी चालेल. कागद अखंड टिपला आहे, काही लपवलेलं नाही, हे त्यावरून समोरच्याला कळतं.

आता तपासणी. पानावर गोल शिक्का असेल तर तो गोलच दिसायला हवा. अंडाकृती दिसला तर कोपरे चुकले आहेत, किंवा अ‍ॅपने कागदाचं माप चुकीचं धरलं आहे. दुसरं कारण आपल्याकडे फार आढळतं. ए-फोर कागद 210 बाय 297 मिलिमीटरचा, पण आपले करारनामे, विशेषतः हिरवट लेजर पेपरवरचे, अनेकदा लीगल मापाचे, म्हणजे साडेआठ बाय चौदा इंचांचे असतात. लीगल पान ए-फोरमध्ये कोंबलं की ते उंचीत दबतं, अक्षरं बुटकी होतात आणि शिक्का आडवा पसरतो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये पानाचं माप ए-फोर असं ठरवून ठेवलं असेल तर ते मूळ मापावर आणा.

शिक्का नसेल तर शिरोरेषा बघा. देवनागरी मजकुराची ही मोठी सोय आहे. ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरोरेषा एका सरळ रेघेत चालली, तर कागद सपाट होता. ती मधेच वर चढून खाली उतरली, तर तिथे घडी उंच होती आणि पान पुन्हा दाबून टिपायला हवं. पहिल्या ओळीची शिरोरेषा सरळ आणि शेवटच्या ओळीची तिरकी असेल, तर खालचा एक कोपरा चुकीच्या जागी बसला आहे.

रंग काढू नका

टिपून झालं की अ‍ॅप पानाला ‘स्वच्छ’ करायची तयारी दाखवतं. काळं-पांढरं, करडं, रंगीत असे पर्याय येतात. काळं-पांढरं केलेलं पान पहिल्या नजरेला फार सुबक दिसतं, आणि घराच्या कागदांचं नुकसान तिथेच होतं. या पर्यायात प्रत्येक ठिपका एक तर पूर्ण काळा होतो किंवा पूर्ण पांढरा. मधली छटा राहत नाही. फिका जांभळा शिक्का, निळ्या पेनची हलकी सही, पेन्सिलीची नोंद, कागदातला जलचिन्हाचा भाग, हे सगळं पांढऱ्यात जातं. हिरवट लेजर पेपरवर तर काळे डाग उठतात.

देवनागरीला याचा फटका जास्त बसतो. आपल्या लिपीत अर्थ बदलणाऱ्या खुणा फार लहान असतात. अनुस्वाराचा ठिपका पुसला गेला की नाव बदलतं. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक शिरोरेषेजवळच्या एवढ्याशा गाठीवर किंवा फटीवर अवलंबून असतो, आणि काळं-पांढरं करताना ती फट भरते. ‘१’ आणि ‘९’ फिक्या कार्बन प्रतीत जवळजवळ सारखेच दिसू लागतात. सर्व्हे क्रमांक किंवा घर क्रमांक असा बदलला तर नंतरचा त्रास सांगायला नको.

म्हणून मूळ प्रत रंगीतच ठेवा. पिवळट कागद पिवळट दिसला तर दिसू द्या, तो त्याचा खरा रंग आहे. फक्त टंकलिखित मजकूर असलेली, शिक्का-सही नसलेली पानं करड्या छटांमध्ये करायला हरकत नाही. काही अ‍ॅप डाग आणि बोटं पुसून टाकायची सोय देतात. ती या कागदांवर वापरू नका. फिका शिक्का आणि चहाचा डाग यांतला फरक ओळखण्याची हमी कोणीच देऊ शकत नाही, आणि सहीभोवती पुसल्याची खूण दिसली की कागदावर संशय येतो. बोट आलंच असेल तर पान पुन्हा टिपा.

पानं, पाठ आणि आकार

पाठीमागची बाजू विसरणं फार सोपं आहे. शेअर सर्टिफिकेटच्या मागे हस्तांतरणाच्या नोंदी असतात: कोणत्या तारखेला, कोणाकडून, कोणाच्या नावे, आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या. आज घर ज्यांच्या नावावर आहे त्यांचं नाव पुष्कळदा फक्त मागेच असतं. पुढची बाजू पहिल्या मालकाचं नाव दाखवते. नुसती पुढची बाजू पाठवली तर बँक साहजिकच विचारते की हे नाव कोणाचं. जुन्या स्टँप पेपरच्या पाठीवरही विक्रेत्याचा शिक्का, तारीख आणि खरेदी करणाऱ्याचं नाव असतं. त्यामुळे फाइल टिपताना प्रत्येक कागद उलटून पाहण्याची सवय लावा. पाठ पूर्ण कोरी असेल तरच ती सोडा. दस्ताच्या बाबतीत मात्र कोऱ्या पाठीवरही पान क्रमांकाचा शिक्का आहे का, ते पाहून मगच पुढे जा.

एका कागदाचा एक पीडीएफ करा. सगळी फाइल एकाच पीडीएफमध्ये घातली की ती जड होते, आणि कोणी फक्त ताबापत्र मागितलं तर पुन्हा कापाकापी करावी लागते. नावात वर्ष आधी लिहिलं की यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते: `1984-vatappatra.pdf`, `1996-kararnama.pdf`, `1997-share-certificate.pdf`. काही सरकारी संकेतस्थळं फाइलच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी स्वीकारत नाहीत, म्हणून इथे रोमन अक्षरं बरी.

रंगीत पान साधारण काही शे केबीपासून एक एमबीपर्यंत जातं. चाळीस पानांचा करारनामा मग बराच मोठा होतो, आणि अर्जांना मर्यादा असतात. ‘आपले सरकार’च्या अर्जांत कागदपत्रांसाठी 75 ते 500 केबी अशी मर्यादा दिलेली असते. म्हणजे फार दाबून फार लहान केलेली फाइलही चालत नाही. मर्यादा बदलतात, त्यामुळे अर्जाच्या पानावरचा आकडा वाचूनच फाइल तयार करा. लहान करताना क्रम असा ठेवा: आधी दर इंचाला 200 ठिपक्यांवर या, म्हणजे ए-फोर पानाची लांब बाजू सुमारे 2,340 ठिपक्यांची होते. तरीही फाइल मोठी राहिली तर शिक्का नसलेली पानं करडी करा. 150 ठिपक्यांच्या खाली जाऊ नका, तिथे अनुस्वार आणि जोडाक्षरं तुटू लागतात. लहान केलेल्या फाइलीला पुन्हा लहान करू नका. प्रत्येक दाबणीत अक्षरांभोवती मळकट ठिपके वाढतात. दर वेळी मूळ रंगीत फाइलीवरून नवी प्रत काढा आणि मूळ फाइल जपून ठेवा.

हे काम कुठल्याशा फुकट संकेतस्थळावर फाइल चढवून करण्याआधी थोडं थांबा. करारनाम्यात पॅन, आधार, फोटो, अंगठ्याचे ठसे आणि सह्या एकत्र असतात. फोनमधल्या अ‍ॅपमध्येच आकार कमी करण्याची सोय शोधा. अ‍ॅप निवडतानाही हेच पाहा. कॅमस्कॅनर हे एके काळी आपल्याकडे घराघरांत होतं. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या 59 अ‍ॅपमध्ये ते होतं. आज फोनसोबत येणारी `Notes` किंवा ड्राइव्हमधली स्कॅनची सोय या कामाला पुरते. वेगळं काही उतरवायची गरज पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना पीडीएफ म्हणजे डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. पानाचा फोटो म्हणून पाठवला की तो आणखी दाबला जातो.

काही कागद मात्र टिपूच नयेत. डिजिलॉकरमधला आधार, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा किंवा अशाच स्वाक्षरीचा दाखला तुमच्याकडे मूळ पीडीएफ म्हणून असेल, तर तोच पाठवा. त्याची प्रिंट काढून पुन्हा स्कॅन केली की उरतं फक्त चित्र. स्वाक्षरी तपासण्याची सोय निघून जाते, आणि ज्या कारणासाठी तो दाखला घेतला तेच संपतं. तसंच, तुम्ही फोनने केलेला करारनाम्याचा पीडीएफ वाचायला आणि आधी पाठवायला उपयोगी आहे, पण तो प्रमाणित प्रत नाही. प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, आणि व्यवहाराच्या दिवशी मूळ कागद दाखवावाच लागतो.

सगळं झाल्यावर पीडीएफ शक्य तर संगणकाच्या मोठ्या पडद्यावर, 100 टक्के आकारात उघडा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला मूळ कागद हातात धरायला सांगा. एकाने कागदावरून नावं, सर्व्हे क्रमांक, घर क्रमांक, दस्त क्रमांक, रकमा आणि तारखा मोठ्याने वाचायच्या, दुसऱ्याने पडद्यावर ताडून पाहायच्या. अडखळलं तिथे पान पुन्हा टिपा, त्यात पाच मिनिटं जातात. मूळ कागद परत ठेवताना स्वस्त पीव्हीसीच्या चिकट पाकिटांत कोंबू नका, त्यांना झेरॉक्सची शाई लागून निघून येते. कोऱ्या कागदाचा थर मध्ये घालून साध्या पुठ्ठ्याच्या फाइलीत ठेवा, आणि ती फाइल समुद्राकडच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका.